दोन वजनं, दोन स्प्रिंगा, एक मॅट्रिक्स: लाप्लासने जोडसमीकरणं सोडवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात मी संध्याकाळी इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवते. तिसऱ्या सेमिस्टरला लाप्लास येतो. एकच समीकरण असेल तर मुलं बिनदिक्कत सोडवतात, पण एकमेकांत अडकलेली दोन समीकरणं समोर आली की वहीची पानं खोडण्याने भरतात. म्हणून मी वर्गात छताच्या हुकाला खरंच दोन स्प्रिंगा आणि दोन लोखंडी वजनं टांगली. वाण्याच्या तराजूत असतात तसली वजनं आहेत, आणि स्प्रिंगा वागळे इस्टेटमधून करून आणल्या. तेव्हापासून विचारले गेलेले प्रश्न खाली एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं या एकाच उदाहरणावर आहेत.

मांडणी काय आहे आणि समीकरणं कुठून आली?

छताला पहिली स्प्रिंग, तिचा ताठरपणा ४०० न्यूटन प्रति मीटर. तिला २ किलोचं वजन. त्या वजनाच्या खाली दुसरी स्प्रिंग, २०० न्यूटन प्रति मीटर, आणि तिच्या टोकाला १ किलो. सगळं शांत लटकत असताना दोन्ही वजनं जिथे असतील तिथे शून्य मानायचं. तिथून खाली सरकणं म्हणजे धन. वरच्या वजनाचं सरकणं x1, खालच्याचं x2.

वरच्या वजनाला दोन स्प्रिंगा ओढतात. छताकडची स्प्रिंग x1 एवढी जास्त ताणली जाते आणि त्याला वर खेचते. मधली स्प्रिंग (x2 − x1) एवढी जास्त ताणली जाते आणि त्याला खाली खेचते. खालच्या वजनाला फक्त मधली स्प्रिंग वर खेचते. म्हणून:

```
2 x1'' = -400 x1 + 200 (x2 - x1)
1 x2'' = -200 (x2 - x1)
```

मधल्या स्प्रिंगचं पद दोन्ही ओळींत आहे, चिन्ह मात्र उलट. दोन समीकरणं एकमेकांत अडकतात ती याच एका पदामुळे.

गुरुत्वाकर्षण कुठे गेलं?

ते शून्याच्या जागेत मुरलं आहे. शांत लटकताना वरची स्प्रिंग ३ किलोचा भार घेऊन सुमारे ७.३५ सेंमी ताणलेली असते आणि खालची १ किलोने ४.९ सेंमी. हा ताण गुरुत्वाकर्षणाला बरोब्बर तोलतो. आपण मोजतो तो त्याच्या वरचा फरक. सरकणं स्प्रिंगच्या मूळ लांबीपासून मोजलं तर mg समीकरणात येतोच, आणि मग उजवीकडे 1/s ची पदं येऊन आकडेमोड विनाकारण लांबते. हा ४.९ चा आकडा मात्र लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

वहीत तुम्ही ४०० आणि २०० ऐवजी ४ आणि २ लिहिता. असं कसं चालतं?

वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजली म्हणून. एकक दहापट लहान घेतलं की दुसरा डेरिव्हेटिव्ह शंभर पट लहान होतो, आणि दोन्ही बाजूंचा शंभर कटतो. आता समीकरणं अशी दिसतात:

```
2 x1'' + 6 x1 - 2 x2 = 0
  x2'' - 2 x1 + 2 x2 = 0
```

शेवटी उत्तर आलं की t च्या जागी 10t घालायचं, की सेकंद परत मिळतात. वाटेत तीन आकडी गुणाकार करत बसायचं कारण नाही.

एस डोमेनमध्ये नेताना पहिली चूक कुठे होते?

सुरुवातीच्या अटीत. आपण वरचं वजन ३ सेंमी खाली ओढून धरतो, खालचं हाताने त्याच्या जागीच धरतो, आणि दोन्ही एकदम सोडतो. म्हणजे x1(0) = 3, x2(0) = 0, दोन्ही वेग शून्य. लाप्लासचा नियम सांगतो की x'' चं s²X − s x(0) − x'(0) होतं. पण पहिल्या ओळीत x1'' ला २ किलोने गुणलेलं आहे. त्यामुळे उजवीकडे जाणारं पद 3s नाही, 6s आहे.

```
[ 2s^2+6    -2   ] [X1]   [6s]
[  -2     s^2+2  ] [X2] = [ 0]
```

दर वर्षी निम्मा वर्ग इथे 3s लिहितो. पुढची सगळी गणितं त्यांची बिनचूक असतात आणि उत्तर अर्धं येतं. आधी ओळीला वस्तुमानाने भागून मग ट्रान्सफॉर्म केलं तर ही चूक होत नाही हे खरं आहे. पण मग मॅट्रिक्सची सममिती जाते. कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखाच आकडा असणं ही फुकटात मिळणारी तपासणी आहे, म्हणून मी भागत नाही.

मॅट्रिक्स उलटा कसा करायचा?

दोन बाय दोनला लांबची वाट धरायला नको. कर्णावरच्या पदांची अदलाबदल करायची, बाकीच्या दोघांची चिन्हं बदलायची, आणि डिटरमिनंटने भागायचं.

```
det = (2s^2+6)(s^2+2) - (-2)(-2)
    = 2s^4 + 10s^2 + 8
    = 2 (s^2+1)(s^2+4)
```

```
[X1]    1   [ s^2+2     2    ] [6s]
[X2] = ---  [   2     2s^2+6 ] [ 0]
       det
```

उजवीकडचा दुसरा आकडा शून्य असल्यामुळे फक्त पहिला स्तंभ कामाला येतो:

```
X1 = 3s (s^2+2) / ((s^2+1)(s^2+4))
X2 = 6s         / ((s^2+1)(s^2+4))
```

एक बारीक गोष्ट. कोपऱ्यातले −2 चुकून +2 लिहिले गेले तरी डिटरमिनंट तोच येतो, कारण त्यांचा गुणाकार ४च राहतो. म्हणजे डिटरमिनंट नीट सुटला यावरून चिन्हं बरोबर आहेत असं ठरत नाही. चूक शेवटी X2 च्या चिन्हात बाहेर पडते. ती ओळखायला वजनांकडे बघा. वरचं वजन खाली ओढलं की मधली स्प्रिंग सैल होते, मग खालचं वजन सोडल्यावर आधी खालीच जायला हवं. तुमचं x2 सुरुवातीला ऋण निघत असेल तर कोपरे तपासा.

s² = −1 ला डिटरमिनंट शून्य होतो. मग उलटा मॅट्रिक्स आहे असं म्हणायचं कसं?

ऐरोलीहून येणाऱ्या एका मुलीने हा प्रश्न विचारला होता, आणि मला तो फार आवडला, कारण सगळा विषय त्यात आहे. इथे s हा ठरावीक आकडा नाही, चल आहे. डिटरमिनंट s मधली बहुपदी आहे आणि ती सगळीकडे शून्य नाही. ती मोजक्या चार जागी शून्य होते: ±i आणि ±2i. त्या जागा सोडून बाकी सगळीकडे उलटा मॅट्रिक्स आहे, आणि लाप्लासला तेवढं पुरतं. इन्व्हर्स ट्रान्सफॉर्मचं इंटिग्रल त्या चारही जागांच्या उजवीकडच्या सरळ रेषेवरून जातं.

आणि मॅट्रिक्स जिथे मोडतो, नेमक्या त्याच जागा वजनं कुठल्या तालात हलणार ते सांगतात. आपल्या एककात कोनीय वारंवारिता १ आणि २, म्हणजे सेकंदात १० आणि २० रेडियन. आवर्तकाल ०.६२८ आणि ०.३१४ सेकंद. ओढलं किती आणि सोडलं कसं, यावर हे आकडे अवलंबून नाहीत. ते फक्त उजवीकडच्या स्तंभात असतं, डिटरमिनंटमध्ये नाही.

पार्शल फ्रॅक्शनला चार अज्ञातं घ्यावीच लागतात का?

इथे नाही. वरचा सुटा s बाजूला ठेवला तर उरलेल्यात s² शिवाय काहीच नाही. s² ला p म्हणा:

```
(p+2) / ((p+1)(p+4)) = (1/3)/(p+1) + (2/3)/(p+4)
```

प्रत्येक अंशासाठी एक छेद झाकायचा आणि त्याचं मूळ बाकीच्यात घालायचं, बस. मग s परत गुणून घ्यायचा:

```
X1 = s/(s^2+1) + 2s/(s^2+4)    ->  x1 = cos t + 2 cos 2t
X2 = 2s/(s^2+1) - 2s/(s^2+4)   ->  x2 = 2 cos t - 2 cos 2t
```

सुरुवातीला वेगही दिला असेल तर अंशात सम आणि विषम घात दोन्ही येतात. तेव्हा विषम भाग आणि सम भाग वेगळे करून हीच युक्ती दोनदा वापरायची.

उत्तर बरोबर आहे हे परीक्षेत चटकन कसं बघायचं?

मी मुलांना दोन तपासण्या करायला लावते. पहिली t = 0 ची: x1 = 1 + 2 = 3, x2 = 2 − 2 = 0. वस्तुमान विसरलं असेल तर इथेच १.५ येतं आणि चोर सापडतो.

दुसरी ऊर्जेची, कारण पहिली तपासणी सुटूनही चूक उरू शकते. सुरुवातीला दोन्ही वजनं स्थिर आहेत, म्हणजे सगळी ऊर्जा स्प्रिंगांत आहे. वरची ३ ने ताणलेली, मधली ३ ने सैल: ½·4·9 + ½·2·9 = 18 + 9 = 27. आता t = π बघा. तिथे दोन्ही वेग पुन्हा शून्य आहेत, कारण सगळे साइन शून्य होतात. x1 = −1 + 2 = 1 आणि x2 = −2 − 2 = −4. मधल्या स्प्रिंगचा फरक −5. ऊर्जा ½·4·1 + ½·2·25 = 2 + 25 = 27. जुळलं. वारंवारिता किंवा सहगुणक यांपैकी काहीही चुकलं असतं तर हे सहसा जुळत नाही.

घरी संगणक असेल तर हेही चालवून बघा:

```python
from sympy import *
s = symbols('s')
A = Matrix([[2*s**2+6, -2], [-2, s**2+2]])
X = A.inv() * Matrix([6*s, 0])
for f in X:
    print(apart(simplify(f), s))
```

एक वजन ३ सेंमी ओढलं तर दुसरं ४ सेंमी कसं जातं? ऊर्जा वाढली का?

वाढली नाही, वर आपण मोजलीच आहे. ऊर्जा एका वजनाकडून दुसऱ्याकडे गेली. खालचं वजन हलकं आहे आणि त्याची स्प्रिंग मऊ आहे, म्हणून तेवढ्याच ऊर्जेत ते लांब जातं.

सूत्रातही हे दिसतं. cos t च्या तालात दोघं एकाच दिशेने जातात आणि खालचं वरच्याच्या दुप्पट हलतं: सहगुणक 1 आणि 2. cos 2t च्या तालात दोघं समोरासमोर, सारख्याच अंतराने: 2 आणि −2. सुरुवातीला खालच्या वजनाचे दोन ताल एकमेकांना पुसतात म्हणून ते शून्यावर दिसतं. ०.३१४ सेकंदांनंतर संथ ताल उलट्या टोकाला पोचतो, तर जलद ताल एक फेरी पुरी करून परत आलेला असतो. आता दोन्ही एकाच बाजूला ओढतात आणि त्यांची बेरीज −4 होते.

आमच्या वर्गात हे फोनवर स्लो मोशनमध्ये टिपलं, सेकंदाला २४० चित्रं या वेगाने. सोडल्यापासून साधारण ७५व्या चित्रात खालचं वजन सगळ्यात वर असायला हवं, कारण ०.३१४ ला २४० ने गुणलं की ७५ येतात. मागे पट्टी टेकवून ठेवली की सेंटिमीटरही वाचता येतात.

आम्ही ३ सेंमी ओढलं तर मधेच “कट” असा आवाज येतो आणि पुढची हालचाल सूत्राशी जुळत नाही. का?

आता तो ४.९ चा आकडा आठवा. शांत असताना खालची स्प्रिंग ४.९ सेंमी ताणलेली आहे. t = π ला आपलं उत्तर तिला ५ सेंमीने आखडायला सांगतं. म्हणजे मूळ लांबीपेक्षा एक मिलिमीटर कमी. पण टांगायची स्प्रिंग बंद गुंडाळ्यांची असते. मूळ लांबीलाच तिचे वेटोळे एकमेकांना टेकलेले असतात, त्याहून ती आखडूच शकत नाही. वेटोळे आपटतात, तोच तो आवाज. त्या क्षणी स्प्रिंगचा नियम सरळ रेषेचा राहत नाही, आणि जिथे समीकरण सरळ रेषेचं नाही तिथे लाप्लासचं उत्तर खरं नाही.

मर्यादा किती हे उत्तरच सांगतं. आखडणं ओढण्याच्या प्रमाणात वाढतं, ३ ला ५. ते ४.९ च्या आत ठेवायचं तर ओढणं २.९४ सेंमीच्या आत हवं. प्रत्यक्षात त्याहून कमीच ठेवा. बऱ्याच बंद स्प्रिंगांचे वेटोळे कारखान्यातूनच एकमेकांवर दाबून आलेले असतात, काही बल लागेपर्यंत त्या उघडतच नाहीत. तशी स्प्रिंग १ किलोला ४.९ पेक्षा कमी ताणली जाते आणि आपटायची वेळ लवकर येते. म्हणून ताठरपणा एकाच वजनावरून काढू नका. दोन वेगवेगळी वजनं टांगा, आणि वजनांतल्या फरकाला लांबीतल्या फरकाने भागा. आमच्या वर्गात आता २ सेंमीच ओढतात, सगळे आकडे दोन तृतीयांश होतात आणि आवाज येत नाही.

आयगेन व्हॅल्यूने हेच लवकर सुटत नाही का?

मोकळ्या दोलनासाठी दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात. उलटा करताना अदलाबदल करून मिळालेला, डिटरमिनंटने भागण्याआधीचा मॅट्रिक्स s² = −1 ला काय होतो ते बघा: `[1 2; 2 4]`. दोन्ही स्तंभ 1:2 या प्रमाणात. s² = −4 ला `[-2 2; 2 -2]`, दोन्ही स्तंभ 1:−1. हेच तर आयगेन व्हेक्टर. लाप्लास करणाऱ्याने ते नकळत काढलेलेच असतात.

मी लाप्लास निवडते ते दोन कारणांनी. सुरुवातीची अट पहिल्याच ओळीत बसते, शेवटी सहगुणक जुळवत बसावं लागत नाही. आणि बाहेरून बल आलं तर मॅट्रिक्स पुन्हा उलटा करावा लागत नाही, फक्त उजवा स्तंभ बदलतो.

बाहेरून बल लावलं तर? उदाहरण द्या.

शांत अवस्थेपासून सुरू करा आणि वरच्या वजनावर F sin(ωt) लावा. उजवा स्तंभ होतो Fω/(s²+ω²) आणि 0. म्हणून

```
X1 = (s^2+2) / (2(s^2+1)(s^2+4)) * F w/(s^2+w^2)
```

आता ω² = 2 घ्या. अंशातला s²+2 आणि छेदातला s²+ω² एकमेकांना कापतात! बलाच्या तालाचं पदच वरच्या वजनाच्या हालचालीतून नाहीसं होतं. आपल्या स्प्रिंगांसाठी हा ताल सेकंदाला १४.१ रेडियन, म्हणजे २.२५ हर्ट्झ. हा खालच्या वजनाचा आणि त्याच्या स्प्रिंगचा स्वतःचा ताल आहे, √(200/1). खालचं वजन डोलून बाहेरचं बल स्वतःवर घेतं. यंत्राला कंप सोसवेना की त्याला नेमकं जुळवलेलं छोटं वजन स्प्रिंगवर जोडतात, ते यावरच.

इथे मुलं घाई करून “वरचं वजन स्थिर राहतं” असं लिहितात. तसं नाही. कापल्यानंतर उरतं ते हे:

```
x1 = (F*sqrt(2)/6) * ( sin t - (1/2) sin 2t )
```

म्हणजे बलाचा ताल गेला, पण वजनांचे स्वतःचे दोन्ही ताल उरले. घर्षण नसेल तर ते कधीच विझत नाहीत. खऱ्या यंत्रात थोडं घर्षण असतं, ते हे दोन ताल हळूहळू संपवतं, आणि मग वरचं वजन जवळजवळ स्थिर दिसतं. घर्षणामुळे कापाकापीही अगदी पूर्ण होत नाही, म्हणून “जवळजवळ”.

घर्षण घेतलं की काय बदलतं?

दोन गोष्टी. मधल्या स्प्रिंगला समांतर एक डॅम्पर लावला आणि त्याचा सहगुणक c असला, तर मॅट्रिक्सच्या कर्णावर cs मिळवायचा आणि कोपऱ्यांतून cs वजा करायचा. डिटरमिनंटमध्ये s आणि s³ ही पदं येतात, s² ला p म्हणण्याची युक्ती संपते आणि मुळं बहुधा संगणकावरच काढावी लागतात.

दुसरी गोष्ट सहज सुटते. x' च्या ट्रान्सफॉर्ममधूनही x(0) बाहेर पडतो. त्यामुळे आपल्या अटींसाठी उजवा स्तंभ होतो `6s + 3c` आणि `-3c`. खालचं वजन सुरुवातीला शून्यावर आणि स्थिर असूनही दुसऱ्या ओळीत उजवीकडे शून्य नाही, कारण डॅम्परचं पद दोन्ही वजनांच्या वेगांतल्या फरकावर चालतं आणि त्या फरकाचा ट्रान्सफॉर्म घेताना x1(0) बाहेर येतो. हे −3c राहून गेलं तरी t = 0 ची जागा बरोबरच येते, म्हणून पहिल्या तपासणीत चूक सापडत नाही. वेग तपासा: चुकीच्या उत्तरात t = 0 ला खालच्या वजनाचा वेग शून्य न येता 3c येतो.